दुष्काळ रोजनिशीत कसा उतरतो : ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ पुन्हा वाचताना

*“ऑक्टेविया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ नुकतीच वाचून संपवली. हवामान-संकटावरची कादंबरी म्हणून हातात घेतली होती, पण तिच्यात ना मोठा पूर, ना वादळ, ना शास्त्रज्ञांची धावपळ. तरीही वाचताना सारखी घशाला कोरड पडत होती. हे नेमकं कशामुळे होतं? पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटात यावर बोलायचं आहे. कशाकडे लक्ष ठेवून पुन्हा वाचू?”*

हळूहळू येणाऱ्या आपत्तीवर लिहिणाऱ्या कादंबरीकाराची पहिली अडचण अशी असते की, त्याच्या विषयात घटनाच नसते. कादंबरी घटनांवर चालते, आणि लांबत गेलेले अवर्षण किंवा वर चढणारा समुद्र अमुक वारी घडला असे कोणालाच सांगता येत नाही. यावर लेखक साधारणपणे दोन उपाय करतात. एक तर वीस-तीस वर्षांचे संकट एका रात्रीच्या वादळात कोंबतात, किंवा एखादा जाणकार माणूस आणून त्याच्या तोंडून सगळे समजावून सांगतात. पहिल्या उपायात हळूहळूपणा जातो आणि दुसऱ्यात आपलेपणा. बटलर यांनी 1993 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत दोन्ही टाळले आहे. त्यांनी एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती रोजनिशी दिली, आणि दुष्काळ त्या रोजनिशीत घरखर्च, शिस्त आणि भीती यांच्या रूपाने येऊ दिला. म्हणून माझा सल्ला असा की, दुसऱ्या वाचनात हवामान शोधू नका. खर्चाच्या नोंदी शोधा. साहित्याच्या वर्गात आणि वाचनगटांत ही कादंबरी बऱ्याच वेळा घेतल्यावर मला हीच वाट सर्वांत उपयोगी वाटते. ती का, ते सविस्तर सांगते.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या स्पष्ट करते. गटातील सर्वांनी पुस्तक एकदा तरी शेवटपर्यंत वाचलेले असेल, तरच पुढे सांगितलेली पद्धत चालते. पहिल्याच वाचनात टिपणे काढत बसले की कथेचा ओघ तुटतो आणि कादंबरी कंटाळवाणी वाटू लागते. दुसरे म्हणजे वाचकाचे स्वतःचे पाण्याशी असलेले नाते. टँकरची वाट पाहत ज्यांची उन्हाळ्याची सुट्टी गेली आहे, त्यांना यातील पाण्याचे प्रसंग भविष्यकथा वाटतच नाहीत. ज्यांच्या नळाला कायम पाणी असते, ते तेच प्रसंग इशारा म्हणून वाचतात. दोन्ही वाचने खरी आहेत, पण ती एकाच चर्चेत आली तर आधी कोण कोठून बोलत आहे हे कळलेले बरे. आणि तिसरे, या पुस्तकात खून, बलात्कार आणि लहान मुलांचे मृत्यू आहेत. गटात कोणाला ते झेपणार नसेल तर आधी सांगून ठेवावे.

आता मुद्द्याकडे येऊ. कादंबरी सुरू होते 20 जुलै 2024 रोजी. त्या दिवशी लॉरेन ओलामिनाला पंधरा वर्षे पूर्ण होतात आणि योगायोगाने त्याच दिवशी तिच्या वडिलांना पंचावन्न. लॉस एंजलिसपासून वीसेक मैलांवरच्या रोब्लेडो नावाच्या कल्पित गावात, भिंत घातलेल्या एका छोट्या वस्तीत हे कुटुंब राहते. भिंतीबाहेर बेघर, भुकेली आणि हिंसक माणसे आहेत; भिंतीच्या आत अकरा-बारा कुटुंबे एकमेकांच्या आधाराने दिवस काढीत आहेत. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक आहेत आणि महाविद्यालयात शिकवतात, सावत्र आई कोरी वस्तीतल्या मुलांची शाळा चालवते.

या दोन वयांतील चाळीस वर्षांचे अंतर मला फार महत्त्वाचे वाटते, आणि वाचक बहुतेक वेळा त्यावरून सहज पुढे जातात. हिशेब करून पाहा. 2024 मध्ये पंचावन्न वर्षांचा असलेला माणूस 1969 साली जन्मलेला असणार, म्हणजे कादंबरी बाजारात आली तेव्हा तो चोवीस वर्षांचा असेल. बटलर यांच्या पहिल्या वाचकांतील तरुण माणसे त्या वडिलांच्याच पिढीची होती. लेखिकेने वाचकाला वडिलांच्या जागी बसवले आणि बोलण्याचे काम मुलीला दिले. त्यामुळे आपल्याला जे आठवते ते निवेदिकेला आठवत नाही, आणि तिला जे रोजचे वाटते ते आपल्याला भयंकर वाटते. संथ आपत्ती अंगावर येते ती या फटीतून. लॉरेनने दुष्काळाबद्दल हळहळ व्यक्त केली असती तर आपण तिच्याबरोबर हळहळलो असतो आणि मोकळे झालो असतो. ती हळहळत नाही, कारण तिच्याकडे तुलनेला काही नाही, आणि मग हळहळण्याचे काम आपल्यावर येऊन पडते.

पहिल्याच प्रकरणात याचा एक छोटा नमुना आहे. लॉरेनच्या स्वप्नात तिच्या बालपणातील एक प्रसंग येतो. ती आणि कोरी रात्री दोरीवरचे कपडे काढीत आहेत, आकाश ताऱ्यांनी भरलेले आहे. कोरी सांगते की, ती लहान असताना शहराच्या दिव्यांमुळे इतके तारे दिसत नसत. मुलीला हे समजतच नाही. तारे तर सगळ्यांनाच दिसतात. मग कोरी त्या दिव्यांविषयी, प्रगतीविषयी सांगते आणि म्हणते की, आता त्या गोष्टींच्या नादी लागायला आपण फार गरीब झालो आहोत आणि हवाही फार तापली आहे. मुलीला तारेच बरे वाटतात, ते फुकट असतात. कोरीला शहराचे दिवे परत हवे आहेत, पण ताऱ्यांबद्दल ती एवढेच कबूल करते की ते आपल्याला परवडतात.

हा प्रसंग गटात मोठ्याने वाचून घ्या आणि त्यात तापमानवाढीचा उल्लेख किती जागा घेतो ते पाहा. अर्ध्या वाक्यातला एक शब्द, तोही गरिबीच्या जोडीला. मात्र त्या संवादात एका पिढीने गमावलेली वस्तू दुसऱ्या पिढीला मिळालेली देणगी वाटते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 साली मासेमारीच्या संदर्भात अशीच एक गोष्ट मांडली होती : प्रत्येक पिढी स्वतःच्या उमेदीच्या काळात समुद्र जसा पाहते तोच मूळचा समुद्र मानते, त्यामुळे एकूण घट कोणाच्याच नजरेत भरत नाही. बटलर यांनी त्याच्या दोन वर्षे आधी हे एका धुण्याच्या दोरीखाली उभे करून दाखवले होते.

दुसऱ्या वाचनाची माझी रीत साधी आहे. घरात रोज लागणारी एकच वस्तू निवडायची आणि ती कादंबरीत जेथे जेथे येते तेथे तीन गोष्टी लिहायच्या : नोंदीची तारीख, त्या वस्तूची किंमत कोणी आणि कशात मोजली, आणि त्या किमतीचे नवल कोणाला वाटले. किंमत पैशातच असते असे नाही. श्रमात, धोक्यात किंवा लाजेतही ती मोजली जाते. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि भरायला सर्वांत अवघड, कारण बहुतेक वेळा त्यात ‘कोणालाच नाही’ असेच लिहावे लागते. तुम्ही घशाच्या कोरडेपणाचा उल्लेख केला आहे, म्हणून पाणीच घेऊ.

आरंभीच्या एका नोंदीत लॉरेन लिहिते की पाण्याचे भाव पुन्हा चढले आहेत, आणि त्याला लागूनच सांगते की पाणी विकणारे फिरते विक्रेते आता अधिक संख्येने मारले जात आहेत. भाव पहिल्यांदा चढलेला नाही, ही भाववाढ कितव्यांदा आहे तेही आपल्याला कळत नाही. पुढे ती म्हणते की, पाणी पेट्रोलच्या कित्येक पट महाग आहे, पण पेट्रोल घेणे बहुतेकांनी केव्हाच सोडून दिले आहे, पाणी मात्र सोडता येत नाही. येथेच एक तपशील येतो, जो मी कधीही वगळू देत नाही. भिंतीबाहेर पडताना माणसाने मळकट दिसायचे असते. स्वच्छ दिसणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे धुण्यापुरते पाणी आहे असा माणूस, अर्थात लुटण्याजोगा. शिवाय तो शेखी मिरवतो असेही लोकांना वाटते. पाण्याच्या टंचाईने येथे शिष्टाचाराचे रूप घेतले आहे. धरणाची पातळी, पावसाचे मिलिमीटर, सरकारी घोषणा यांपैकी काहीही न सांगता लेखिकेने टंचाई मुलांच्या कपड्यांपर्यंत आणून ठेवली.

दुसरी नोंद 1 फेब्रुवारी 2025 ची आहे, आणि तिची सुरुवात आज आग लागली अशी होते. एमी डन नावाच्या तीन वर्षांच्या, घरात कोणाचे फारसे लक्ष नसलेल्या मुलीने खेळता खेळता गॅरेज पेटवले. वस्तीतील माणसे धावून आली आणि त्यांनी आग आटोक्यात आणली. अग्निशमन दलाला कोणी बोलावले नाही, कारण त्यांचे शुल्क भरावे लागते आणि ज्यात माणूस नाही अशा गॅरेजसाठी आणखी एक बिल अंगावर घेणे कोणालाही परवडणारे नव्हते. आग विझवताना जे पाणी खर्ची पडले त्याचे पैसे भरतानाच नाकी नऊ येणार होते. येथे थोडा वेळ थांबा. कोरड्या पडलेल्या प्रदेशात आगी वाढतात, हे कारण-कार्य आपल्याला ठाऊक आहे. बटलर ते सांगत नाहीत. त्या आग आणि दुष्काळ एकाच कुटुंबाच्या बिलात एकत्र आणतात. जे संकट आग लावते तेच ती विझवण्याचे साधन महाग करते, आणि हे सगळे एका किशोरवयीन मुलीच्या नोंदीत इतक्या सहजपणे येते की, त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेलेही दिसत नाही. तिला एमीची काळजी आहे. तिसऱ्या रकान्यात पुन्हा ‘कोणालाच नाही’.

तिसरी नोंद पावसाची. सहा वर्षांनी पाऊस पडतो. मागचा पाऊस लॉरेनला आठवतो : मागच्या ओसरीभोवती पाणी फिरत होते, घरात शिरण्याइतके नव्हते, पण धाकट्या भावांना त्यात खेळायचे होते. कोरीने त्यांना जाऊ दिले नाही, कारण वर्षानुवर्षे बागेला सांडपाणी घातलेले असल्यामुळे तिच्या मते ते साचलेले पाणी म्हणजे रोगजंतूंचे कालवणच होते. या आठवणीत एक अख्खी अर्थव्यवस्था आहे. पिण्याचे पाणी महाग, म्हणून भाज्या सांडपाण्यावर. म्हणून माती दूषित. म्हणून इतक्या वर्षांनी आलेला पाऊससुद्धा मुलांना अंगावर घेता येत नाही. यातील एकही ‘म्हणून’ लेखिकेने छापलेला नाही. आपण तो मनात जोडतो, आणि जोडताना त्या आईच्या जागी उभे राहतो. यावेळी मात्र सगळी वस्ती मिळेल ते भांडे पावसात मांडते आणि लॉरेन स्वतः बाहेर जाऊन चिंब भिजते.

आणि त्याच पावसाच्या नोंदींमध्ये एमी मरते. वस्तीच्या फाटकातून आलेली गोळी तिला लागते, बहुधा नेम धरूनही नव्हे. एखाद्या साध्या लेखकाने पाऊस ही सुटका म्हणून वापरली असती, किंवा एमीच्या मृत्यूसाठी कोरडा, तापलेला दिवस निवडला असता. येथे आनंद आणि शोक यांची जागा एकच आहे. त्यामुळे वाचकाला हवामानाकडे पाहून पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज बांधता येत नाही. पाऊस पडल्याने काहीही पूर्वपदावर येत नाही. माझ्या मते संथ आपत्तीविषयीचे या कादंबरीतील सर्वांत कठोर विधान हेच आहे, आणि ते दोन घटना शेजारी ठेवून केले आहे.

चौथी जागा बरीच पुढे, 2027 मध्ये येते. जुलैच्या अखेरीस वस्ती लुटली आणि जाळली जाते, आणि लॉरेन दोन सोबत्यांसह उत्तरेकडे चालू लागते. रस्त्यावर पाणी विकत देणारी केंद्रे आहेत. तेथे आत जाणाऱ्याकडे पैसे असतात आणि बाहेर येणाऱ्याकडे पाणी, जे पैशाइतकेच मोलाचे. म्हणून लुटारू तेथेच दबा धरून असतात. भिंतीच्या आत असताना पाण्याची किंमत बिलात मोजली जात होती, आता ती जिवाच्या धोक्यात मोजली जाते. चार नोंदी एकाखाली एक लिहिल्या की दिसते : वस्तू तीच, पण प्रत्येक वेळी ती मोजण्याचे माप बदललेले आहे. गटासमोर मांडण्यासाठी एवढा एक कागद पुरेसा आहे.

रोजनिशीचा आणखी एक उपयोग येथे सांगितला पाहिजे. नोंदींवर तारखा आहेत, पण त्यांतील अंतर सारखे नाही. कधी ओळीने रोजच्या नोंदी, तर कधी मध्ये कित्येक महिने कोरे. त्या कोऱ्या महिन्यांत काय घडले ते लॉरेन सांगत नाही, ती थेट पुढच्या परिस्थितीतून लिहू लागते. वस्तीतल्या आणखी कोणाचे काम गेलेले असते, आणखी एका घरात चोरी झालेली असते, पहारा ठेवण्याची पद्धत रूढ झालेली असते. ऱ्हास नोंदींच्या मधल्या जागेत होतो. वाचताना दोन तारखांमधले अंतर मोजा आणि त्या काळात वस्तीने कोणती गोष्ट मुकाट्याने सोडून दिली ते शोधा. मोठ्या भिंतीएवढा दूरदर्शन संच ज्या एकाच घरात उरला होता तो बंद पडतो, याची नोंद मुलांच्या करमणुकीचा शेवट म्हणून येते. पण त्याच वेळी बाहेरच्या जगाची एक खिडकीही बंद झालेली असते.

एक प्रसंग असा आहे जेथे पात्रांना या संथपणाविषयी उघडपणे बोलावे लागते. लॉरेन तिच्या जोअ‍ॅन नावाच्या मैत्रिणीला सांगते की, ही भिंत एक दिवस पडणार, तेव्हा आतापासून तयारी करू. रानातील कोणत्या वनस्पती खाता येतात ते शिकू, पळून जाताना न्यायचे गाठोडे बांधून ठेवू. जोअ‍ॅन घाबरते आणि आईला सांगते. मग वडील लॉरेनला समोर बसवून बोलतात. तुला दरी आत्ता दिसली आहे, पण या वस्तीतील मोठी माणसे तुझ्या जन्माच्याही आधीपासून त्या दरीच्या काठावर तोल सांभाळीत उभी आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. आणि माणसांना घाबरवण्यापेक्षा शिकवलेले बरे, असेही ते म्हणतात. तरुण वाचक येथे हमखास लॉरेनची बाजू घेतात आणि वडिलांना डोळे मिटून बसलेला माणूस ठरवतात. मला ते पटत नाही. वडिलांना सगळे दिसते. त्यांनीच मुलांना बंदूक चालवायला शिकवले आहे. फरक एवढाच की, रोज थोडे थोडे बिघडणाऱ्या परिस्थितीत सगळ्या वस्तीला कामाला लावून ठेवायचे तर किती भीती दाखवायची, याचा त्यांचा हिशेब वेगळा आहे. गटात या संवादाला अर्धा तास द्या. दोघेही बरोबर आहेत असे मान्य केल्यावर चर्चा जितकी अडते, तितकी ती कामाची होते.

आता चुकीच्या वाटांविषयी, कारण त्या या पुस्तकात मोहक आहेत.

पहिली म्हणजे भाकिताची. कादंबरीतील वर्षे आता प्रत्यक्ष उजाडली आहेत. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजलिसच्या परिसरात भीषण वणवे लागले, त्यांत आल्टाडेना गावाचा मोठा भाग जळाला. ते गाव बटलर यांच्या जन्मगावाला, पॅसाडेनाला लागून आहे आणि त्यांची कबरही तेथेच आहे. त्या वेळी कादंबरीतील फेब्रुवारी 2025 ची आगीची नोंद सगळीकडे फिरली. अंगावर काटा येणे स्वाभाविक आहे, पण त्यावरून कादंबरी वाचली तर आपण तारखा जुळवीत बसतो आणि ते गॅरेज, ते न केलेले बोलावणे, ते पाण्याचे बिल नजरेतून सुटते. शिवाय ती नोंद वणव्याची नाहीच. एका दुर्लक्षित मुलीने लावलेल्या छोट्या आगीची आहे. बटलर यांना भविष्य दिसले म्हणण्यापेक्षा त्यांनी वर्तमान नीट पाहिले म्हणणे अधिक खरे. 1987 ते 1992 या काळात कॅलिफोर्नियात सलग दुष्काळ होता, 1992 मध्ये लॉस एंजलिस दंगलीत पेटले होते, आणि तापमानवाढीची साक्ष 1988 सालीच अमेरिकी सिनेटसमोर झाली होती. कादंबरीतला बराचसा माल त्यांच्या दारात येऊन पडलेला होता.

दुसरी वाट म्हणजे लॉरेनचा आजार. दुसऱ्याची वेदना डोळ्यांनी पाहिली की ती तिला स्वतःच्या शरीरात जाणवते. आईने गरोदरपणी घेतलेल्या एका औषधाच्या व्यसनामुळे तिला हे जन्मतः आले आहे. ‘आपत्ती वैयक्तिक कशी होते’ या प्रश्नाचे तयार उत्तर म्हणून बहुतेक जण यावर बोट ठेवतात. ते अर्धेच बरोबर आहे. हा आजार दिसणाऱ्या जखमेवर चालतो : गोळी, सुरा, लाथ. दुष्काळ दिसत नाही, भाववाढीला रक्त येत नाही, त्यामुळे लॉरेनच्या या संवेदनेला त्या जाणवण्याचा मार्गच नाही. जलद हिंसा तिच्या शरीरातून आपल्यापर्यंत येते आणि संथ हिंसा तिच्या नोंदवहीतून, अशी कादंबरीची दुहेरी रचना आहे. गटात कोणी आजाराचा मुद्दा काढला तर हा फरक विचारून पाहा.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, मर्यादा आहे. या कादंबरीत सर्व दुःखांचे मूळ हवामान नाही. अमली पदार्थ आहेत, वंशभेद आहे, मोडलेली शासनव्यवस्था आहे, आणि कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणारी मजुरी आहे. ऑलिव्हार नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाचा भाग यासाठी मुद्दाम वाचा. वाढत्या तापमानाने समुद्र चढत आहे, किनारा खचत आहे. ही गोष्ट कादंबरीत सरळ शब्दांत येते अशा मोजक्या जागांपैकी ही एक. गाव वाचवण्यासाठी तेथील सुखवस्तू लोक स्वतःला एका बड्या कंपनीच्या हवाली करतात. कंपनी संरक्षण देणार, नोकऱ्या देणार, आणि पगार इतका ठेवणार की माणूस हळूहळू तिच्याच कर्जात बुडेल. कोरीला तेथे जायचे आहे, वडील साफ नकार देतात, जोअ‍ॅनचे कुटुंब जाते. चढणारा समुद्र येथे लाट होऊन कोणाच्या घरात शिरत नाही; तो नोकरीच्या अर्जाच्या रूपाने शिरतो आणि नवरा-बायकोत वाद लावतो. हवामान किती आणि राजकारण किती, असा वाटा काढण्याचा प्रयत्न या प्रकरणात फसतो.

शेवटी वेळेच्या आखणीबद्दल. एकच बैठक असेल तर ती वस्ती जळेपर्यंतच्या भागापुरती ठेवा. उत्तरार्ध ही वाटचालीची कथा आहे, तिची गती वेगळी आहे, रोज नवा हल्ला आणि रोज नवा सोबती. तेथे संथपणा उरत नाही आणि तुमच्या प्रश्नाला लागणारे साहित्यही विरळ होत जाते. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर लॉरेनच्या नव्या धर्माची जी पद्ये आहेत, त्यांवर बोलायचे तर वेगळी बैठक घ्यावी लागेल. ती मध्येच काढली तर पाणी, आग आणि पाऊस बाजूला पडून चर्चा धर्माकडे वळते, हा माझा ठाम अनुभव आहे. दोन बैठका मिळाल्या तर दुसरीसाठी प्रत्येकाला पाण्याखेरीज एक वस्तू वाटून द्या. बिया, बूट, बंदुकीच्या गोळ्या आणि ओकच्या फळांचे पीठ या चार वस्तूंचा माग चांगला लागतो. बूट ज्याच्याकडे जातील त्याला उत्तरार्ध पुन्हा वाचावा लागेल, तेव्हा ते वेळ असणाऱ्या माणसाला द्या.